रावेतचा नववा मजला: एका नव्या टू बीएचकेची सफाई आणि माझा चुकलेला अंदाज

फोन बुधवारी संध्याकाळी आला. पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर फ्लॅट, कार्पेट ६८० चौरस फूट. पझेशन दोन महिन्यांपूर्वी मिळालेलं. सुताराचं काम गुरुवारी संपणार आणि रविवारी वास्तुशांत. शुक्रवारी एका दिवसात घर स्वच्छ करून हवं होतं. मी विचारलं, “रंगाचे डाग आहेत का?” मालकीणबाई म्हणाल्या, “थोडेफार असतील, बाकी धूळच आहे.” मी फोनवरच ४,२०० रुपये सांगितले. त्यांनी लगेच होकार दिला.

माझा हिशेब असा होता: तीन माणसं, आठ तास, म्हणजे चोवीस माणूस-तास. त्या आकाराच्या घराला आम्हाला एरवी तेवढेच लागत. प्रत्यक्षात अडतीस लागले. हे चौदा तास कुठे गेले, तेच इथे लिहिते आहे. या कामात पदरात काय पडतं ते खोल्या किती यावर ठरत नाही, फरशीला काय चिकटलंय यावर ठरतं, हे मला त्या घराने शिकवलं.

आमची टोळी लहान आहे. मी, मावशी आणि मावशींची सून. सामानही एका रिक्षात मावेल एवढंच: वीस लिटरचा ओला-सुका व्हॅक्युम, पाच पायऱ्यांची ॲल्युमिनियमची घोडी, दोन वायपर, चार बादल्या, पातळ ब्लेडचे आणि प्लास्टिकचे स्क्रॅपर, पांढरे नायलॉनचे पॅड, दात घासायच्या ब्रशांची एक जुडी आणि तीन रंगांची मायक्रोफायबर फडकी. निळं काचेला, पिवळं लाकडाला आणि लाल फक्त संडास-बाथरूमला. सुरुवातीला या सगळ्यावर बारा हजारांच्या आसपास खर्च आला आणि त्यातला निम्म्याहून जास्त व्हॅक्युमचा होता. फरशी घासायचं मोठं फिरतं मशीन मी घेतलेलं नाही. फ्लॅटमध्ये ते कोपऱ्यात पोहोचत नाही आणि बाथरूममध्ये वळत नाही, आणि खरी घाण तर कोपऱ्यात आणि बाथरूममध्येच असते.

शुक्रवारी नऊला दार उघडलं. मावशी उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “ताई, आधी फोटो.” ही सवय त्यांनीच लावली आहे. एका जुन्या कामात बेसिनला आधीपासून असलेला टवका आमच्या नावावर लागला, आणि तेव्हापासून हातात फडकं घ्यायच्या आधी आम्ही घरभर फिरून फोटो काढतो. नळ चालू होतात का, पाणी येतंय का, दिवे लागतात का, टाइल्सवर ओरखडे कुठे आहेत, काचेला चरा आहे का, हे सगळं बघतो. या घरात मोठ्या बाथरूममधल्या शॉवरच्या नळाच्या क्रोमवर बारीक काळपट ठिपके होते आणि खालच्या स्टीलच्या जाळीवर तपकिरी गंज. जाळी पाहून मावशींनी लगेच ओळखलं: “हितं कोणीतरी तेजाब ओतलंय.”

तेजाब म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. हातगाडीवर किंवा किराणा दुकानात साध्या बाटलीत मिळतं. पझेशनआधी बांधकामावरची माणसं बऱ्याचदा तेच फरशीवर ओततात, कारण सिमेंट त्याने पटकन सुटतं. पण त्याची वाफ क्रोमला लागते, त्यातलं क्लोराइड स्टीलला भोकं पाडतं आणि टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंटही ते खातं. शिवाय बाथरूममध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं क्लीनर आधी पडलेलं असेल तर त्यावर ॲसिड ओतल्यावर क्लोरीन वायू सुटतो. खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. आमच्या सामानात तेजाबाची बाटली नाही, आणि घरमालकाने आणून ठेवली असेल तर आम्ही ती न उघडता बाजूला ठेवतो. ठिपक्यांचा आणि जाळीचा जवळून फोटो घेतला, वेळ ९.२०.

त्यानंतर सुकं काम. नव्या घरातली धूळ ही रस्त्यावरची धूळ नव्हे. ती भिंत घासताना उडालेली पुट्टी असते, सीलिंगचं पीओपी असतं, टाइल कापताना उडालेली दगडी भुकटी आणि वर सुताराचा भुसा. टाइल कापल्याची भुकटी सगळ्यात वाईट. तिच्यात सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. म्हणून सुकं काम संपेपर्यंत एन-९५ मास्क कोणीही खाली करायचा नाही. सुरुवातीला मावशी पदर बांधायच्या. पदरातून ही भुकटी आरपार जाते हे मी त्यांना एकदा पदराची आतली बाजू उलटून दाखवलं, तेव्हापासून त्या मास्क लावतात.

केरसुणी शेवटपर्यंत बाहेर निघत नाही. केरसुणीने ही धूळ हवेत उडते आणि तासाभराने पुन्हा खाली बसते, मग तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. व्हॅक्युमचं ब्रश लावलेलं तोंड आधी सीलिंगच्या खाचेतून, मग पंख्याची पाती, माळ्याचा तळ, दाराची वरची कड, स्विचबोर्ड आणि शेवटी स्कर्टिंगची कड, असं वरून खाली फिरतं. दाराची वरची कड कुणाला दिसत नाही, पण तिथे पुट्टीचा जाड थर असतो आणि दार पहिल्यांदा जोरात आपटलं की तो सगळा पुसलेल्या फरशीवर येतो. पुट्टीने व्हॅक्युमची फिल्टर अर्ध्या तासात तुंबते. ओढ कमी झाली, मशीनचा आवाज चढला, की फिल्टर तुंबली. बाल्कनीत नेऊन हलक्या हाताने झटकायची. मशीनमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तोंड बाल्कनीच्या दाराकडे ठेवायचं, कारण सगळ्यात बारीक भुकटी साध्या फिल्टरमधूनही निसटते.

साडेअकराच्या सुमाराला घरातल्या आजी आल्या. हातात पाट, पिशवीत देव. हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात देव्हाऱ्याची जागा ठरली होती. “बाळ, एवढा कोपरा पुसून घेतेस का? पाट मांडून ठेवते,” असं त्या म्हणाल्या. हॉलचं सीलिंग अजून व्हायचं होतं. मला नाही म्हणवेना. सुनेने ओल्या पोछ्याने तेवढा कोपरा पुसला, फरशी चकचकीत दिसली आणि आजी समाधानाने पाटावर बसल्या.

वीस मिनिटांनी तो कोपरा वाळला आणि त्यावर पांढऱ्या कमानी उमटल्या. पोछा जसा फिरला होता तशाच. पुन्हा पुसलं, पुन्हा तेच. आजींना वाटलं फरशीच खराब आहे. मी काळा मोजा हातात घालून फरशीवरून फिरवला आणि त्यांना दाखवला, त्यावर पांढरी पूड होती. पुट्टी आणि पीओपी पाण्यात मिसळले की पातळ दूध होतं. पोछा ते उचलत नाही, सगळीकडे पसरवतो, आणि पाणी उडून गेलं की पूड जागच्या जागी राहते. पीओपीचं आणखी एक आहे: ते घट्ट होऊन बनतं जिप्सम, आणि जिप्सम थोडंसं पाण्यात विरघळतंही, लिटरला साधारण दोन ग्रॅम. म्हणजे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातूनही ते परत फरशीवर येतं. उपाय एकच, तो म्हणजे आधी सगळं सुकं ओढून घ्यायचं, मग पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायचं आणि बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदलायचं. हॉलला आम्ही पाच बादल्या पाणी वापरतो. पाणी टँकरचं जड असेल तर शेवटचा हात कोरड्या फडक्याने फिरवावा लागतो, कारण त्या पाण्यातले क्षारही डाग सोडतात.

मी आजींना पाट उचलायला सांगितला आणि त्यांनी तो आनंदाने उचललाही. पण देव्हाऱ्याचा कोपरा शेवटी मीच पुसला, शनिवारी, तीनदा पाणी बदलून.

कपाटांमध्ये फारसं काही नव्हतं. भुसा ओढून घ्यायचा, फेव्हिकॉलचे ओघळ कोमट पाण्याच्या फडक्याने दोन मिनिटं भिजवायचे, ते रबरासारखे उठून येतात. सनमायका चिकटवायचा पिवळा रबरी गोंद मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याला फडक्याच्या टोकावर थेंबभर थिनर लागतो, आणि थिनर लावायच्या आधी दरवाजा सनमायकाचा आहे की ॲक्रिलिकचा हे विचारायचंच. ॲक्रिलिकवर थिनर पडला की चमक जाऊन बारीक तडे दिसू लागतात आणि मग दरवाजाच बदलावा लागतो. थिनर लागलेलं फडकं झाकणाच्या डब्यात ठेवतो. थिनर व्हॅक्युमने कधीही ओढायचा नाही, मोटरच्या ठिणगीने तो पेट घेऊ शकतो.

जेवण करून खिडक्यांना हात घातला. चार सरकत्या खिडक्या, तीन-तीन ट्रॅकच्या. ॲल्युमिनियमवरची कंपनीची फिल्म दोन उन्हाळे खाऊन कडक झाली होती, ओढली की तुकडे पडत होते. अशी फिल्म ओढत बसायची नाही. केस वाळवायच्या यंत्राने एकेक फूट कोमट करायची, मग ती लांब पट्टीत निघते, आणि मागे उरलेला गोंद खोबरेल तेलाच्या बोळ्याने भिजवून साबणाच्या पाण्याने काढायचा. काचेवरच्या रंगाच्या शिंतोड्यांना काच भरपूर ओली ठेवून नवं ब्लेड, काचेला जेमतेम टेकेल एवढं आडवं, आणि एकाच दिशेने. मागे ओढताना ब्लेडखाली वाळूचा कण अडकला तर लांबलचक चरा पडतो आणि तो कशानेही जात नाही. बाहेरची बाजू हात आणि दांडी पोहोचेल तेवढीच. नवव्या मजल्यावर कोणीही खिडकीच्या कडेवर पाय ठेवणार नाही, ही अट मी मालकाला आधीच सांगते. कमरेच्या वर अंग बाहेर काढल्याशिवाय होत नसेल ते काम आमचं नाही, दोरावरच्या माणसांचं आहे.

खिडकीच्या ट्रॅककडे मात्र जरा जास्त लक्ष देते. ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला पावसाचं पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. नव्या इमारतीत ती हमखास सिमेंटने किंवा पुट्टीने बुजलेली असतात. वरवर ट्रॅक पुसला तर घर छान दिसतं आणि पहिल्या आडव्या पावसात पाणी ट्रॅकमध्ये साठून आत, थेट नव्या गादीवर. मावशी जुन्या छत्रीची तार वापरतात. आतून तार घालून हळूहळू फिरवायची, आणि मग वाटीभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून बघायचं. पाणी दहा सेकंदांत बाहेर गेलं की झालं. चारपैकी एका खिडकीत पाणी तसंच राहिलं. तार अडली. भोकच पाडलेलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, “ह्यांना सांगा, हे आपल्या हातचं नाही.” मी ते वेगळ्या कागदावर टिपलं.

त्या कागदाबद्दल थोडं सांगायला हवं. सफाई करताना आमचा हात घराच्या प्रत्येक इंचावरून फिरतो. घरमालक दोन महिन्यांत जे बघत नाही ते आम्हाला एका दिवसात दिसतं: टकटक केल्यावर पोकळ वाजणारी टाइल, बाथरूमचा उलटा उतार, न पाडलेलं भोक, बेसिनचा टवका. रेरा कायद्याच्या, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीबाबतच्या २०१६ च्या कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तोच दोष “तुमच्या सफाईवाल्यांनी केला” असं म्हणता आलं की सगळं अडतं. म्हणून पहिल्या वीस मिनिटांचे फोटो आणि हा कागद हे दोन्ही आम्ही मालकाच्या हातात देतो. यासाठी मी वेगळे पैसे घेत नाही.

चार वाजता बाथरूममध्ये शिरलो आणि तिथे माझा अंदाज कोसळला.

दोन्ही बाथरूमच्या जमिनीला खरबरीत मॅट टाइल्स होत्या, पाय घसरू नये म्हणून असतात तशा. त्यावर करड्या रंगाचा पातळ पापुद्रा होता, कुठे दाट, कुठे ढगासारखा. मी तो सिमेंटचा पापुद्रा समजले. सिमेंटसाठी आमच्याकडे फॉस्फोरिक ॲसिडचं सौम्य क्लीनर असतं. आधी जागा साध्या पाण्याने भिजवून घ्यायची म्हणजे सांध्यांचं सिमेंट ॲसिड पिणार नाही, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून लावायचं, तीन-चार मिनिटं ठेवायचं, घासायचं आणि तीनदा धुवायचं. सून हातमोजे आणि चष्मा घालून बसली, लावलं, घासलं, धुतलं. वाळल्यावर ढग जिथल्या तिथे. पुन्हा लावलं. एक तास गेला. मी आणखी जोर लावा म्हणाले, आणि ही माझी चूक होती. थांबून विचार करायला हवा होता.

मावशींनी नख लावून बघितलं आणि म्हणाल्या, “ताई, हे सिमेंट नाही. सिमेंट भुकटी होऊन येतं. हे प्लॅस्टिकवानी लागतंय.” मग मी नीट पाहिलं. क्लीनरचा थेंब टाकला, एकही बुडबुडा नाही. सिमेंटच्या डागावर ॲसिड पडलं की बारीक फसफस होते. शिवाय पाण्याचा थेंब त्या पापुद्र्यावर मोत्यासारखा उभा राहत होता. हा इपॉक्सी होता, घट्ट होऊन कडक होणारा प्लॅस्टिकसारखा लेप. हल्ली बाथरूमचे सांधे सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउटने भरतात. तो पाणी पीत नाही म्हणून चांगला, पण भरताना कारागिराने लगेच स्पंजने पुसून घेतला नाही तर त्याचा हात फिरलेला पातळ थर टाइलवर कडक होतो. कडक होण्याआधी तो पाण्याने निघतो. दोन महिन्यांनी तो दगड झालेला असतो, आणि ॲसिड त्याच्याजवळ फिरकतही नाही. वर कडक होण्याआधी चिकट असताना तो धूळ धरून ठेवतो, म्हणून तो सिमेंटसारखा करडा दिसतो.

सुनेला बाल्कन्या धुवायला पाठवून मी चिंचवडला टाइल्सच्या ॲडेसिव्हच्या दुकानात गेले आणि पाण्यात मिसळणारा इपॉक्सी रिमूव्हर लिटरभर आणला, साडेसहाशे रुपयांना. आधी दारामागच्या एका टाइलवर लावून पाहिला, सांध्याचा रंग उतरत नाही ना याची खात्री केली. मग एकावेळी चारच टाइल्स. जाडसर लावायचा, वीस मिनिटं ठेवायचा, सुकू लागला तर अजून थोडा, मग पांढऱ्या नायलॉनच्या पॅडने गोल-गोल घासायचं. हिरवी घासणी घेतली असती तर काम लवकर झालं असतं, पण टाइलच्या रंगावर चरे पडले असते. सुटलेला गाळ लगेच व्हॅक्युमने ओढून घ्यायचा, नाहीतर तो पुढच्या टाइलवर जाऊन पुन्हा बसतो. हा गाळ नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या निचऱ्याच्या तोंडात, ढकलायचा मोह फार होतो. तो तिथे जाऊन बसतो आणि पंधरा दिवसांनी बाथरूममध्ये पाणी तुंबतं. आम्ही काम सुरू करण्याआधीच ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घालतो आणि शेवटी काढतो. या घरात आतली वाटी उचलून पाहिली तर कारागिरांनी ओतलेल्या सिमेंटच्या पाण्याचा आधीच दोन बोटं गाळ होता, तो पळीने काढला.

रात्री साडेआठला मोठं बाथरूम झालं, लहान अर्धं राहिलं. तिघींच्याही मनगटात कळा होत्या. मालकीणबाईंना फोन करून खरं ते सांगितलं: डाग मी चुकीचा ओळखला, सकाळी येऊन पूर्ण करू, पैसे वाढणार नाहीत. त्या जरा नाराज झाल्या, कारण मांडववाला शनिवारी दुपारी येणार होता. शनिवारी नऊला गेलो, लहान बाथरूम संपवलं, सगळ्या घराला शेवटचा पोछा दिला आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडलो.

हिशेब घरी येऊन लिहिला. दोघींची रोजची मजुरी प्रत्येकी ८००, शुक्रवारच्या जादा वेळाचे प्रत्येकी ३००, शनिवारचे प्रत्येकी ४००. म्हणजे मजुरी ३,०००. नेहमीचं सामान ४२०, रिमूव्हर ६५०, रिक्षा २८०. एकूण ४,३५०. मिळाले ४,२००. दीडशे रुपये खिशातून गेले आणि माझा स्वतःचा दीड दिवस फुकट. जादा वेळाचे पैसे कापायचा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. पण अंदाज चुकला तो माझा. मनगट दुखलं ते त्यांचं.

अडतीस तासांची वाटणीही लिहून काढली. धूळ ओढायला सात, कपाटं आणि ओटा चार, खिडक्या सहा, बाल्कन्या तीन, फरशी चार. हे सगळं मिळून चोवीस. म्हणजे माझा सगळा अंदाज बाथरूम सोडून बाकी घरातच संपला होता. दोन बाथरूमना चौदा तास लागले, आणि त्या दोन्हींचं क्षेत्रफळ मिळून घराच्या एका दशांशाच्या आसपास. चौरस फुटाला अमुक रुपये हा दर लावून मी जे काम मोजत होते त्यात हे कुठेच दिसत नव्हतं.

सोमवारी मालकीणबाईंचा फोन. पूजेला आलेल्या कुणीतरी शॉवरच्या नळावरचे ठिपके आणि गंजलेली जाळी दाखवली होती. “तुम्ही रात्री काहीतरी केमिकल वापरत होतात ना?” प्रश्न रास्त होता. मी ९.२० चे फोटो त्यांना पुन्हा पाठवले. शुक्रवारी सकाळीच पाठवले होते, पण त्या गडबडीत त्यांनी उघडले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच माफी मागितली आणि ते फोटो, खिडकीच्या न पाडलेल्या भोकाची नोंद आणि हॉलमधल्या दोन पोकळ टाइल्स असं सगळं बिल्डरला लेखी कळवलं. तीन आठवड्यांनी जाळी बदलून मिळाली, खिडकीला भोकं पाडली. नळ आणि टाइल्सचा पाठपुरावा त्या अजून करत होत्या.

त्या कामानंतर मी फोनवर दर सांगणं बंद केलं. एकतर जाऊन बघते, नाहीतर पाच फोटो मागते: बाथरूमच्या कोरड्या जमिनीचा जवळून, खिडकीच्या ट्रॅकचा, ओट्याचा, बाल्कनीच्या कोपऱ्याचा आणि हॉलच्या फरशीवर काळं कापड फिरवून त्या कापडाचा. तरीही सिमेंट आणि इपॉक्सी यातला फरक फोटोत कळत नाही, म्हणून बाथरूमचा दर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पक्का करत नाही. पर्समध्ये क्लीनरची ड्रॉपरची छोटी बाटली आणि पाण्याची बाटली असते. थेंब फसफसला तर सिमेंट, नाहीतर नखाने पाहायचं. खिडकीची कड किंवा ओटा संगमरवरी असेल तर तिथे ही बाटली उघडायचीही नाही, कारण संगमरवरही फसफसतो आणि पांढरा निस्तेज डाग कायमचा राहतो.

रिकाम्या केलेल्या जुन्या फ्लॅटलाही हीच पद्धत लावते, फक्त चिकटलेलं वेगळं असतं. तिथे पुट्टी नाही, तर ओट्यामागच्या टाइल्सवर तेलाचा पिवळा राप, नळांवर क्षारांचा पांढरा थर आणि भिंतीवर पोरांनी लावलेल्या स्टिकरचा गोंद. राप सोड्याने सुटतो, म्हणजे गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, दहा मिनिटं भिजवून. सोडा ॲल्युमिनियमला काळं पाडतो, म्हणून चिमणीच्या जाळ्या आधी कसल्या आहेत ते पाहायचं. नळावरचा थर उलट आंबटाने सुटतो, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवायचं. तिथे फोटोंचं महत्त्व आणखी जास्त, कारण डिपॉझिटवरून घरमालक आणि भाडेकरूमध्ये वाद असला तर दोघंही आमच्याकडेच बोट दाखवतात.

महिन्याभराने त्याच इमारतीतून फोन आला. अकरावा मजला, तेवढंच कार्पेट, तसंच बाथरूम. नवव्या मजल्यावरच्या आजींनीच नंबर दिला होता. मी आणि मावशी बघायला गेलो. मावशींनी चप्पल काढली, अनवाणी बाथरूममध्ये दोन पावलं टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. थेंब टाकला, बुडबुडा नाही. मी ६,८०० सांगितले आणि त्यात बाथरूमचे किती आणि का हे कागदावर लिहून दिलं. ते गृहस्थ म्हणाले, “खाली तर बेचाळीसशेत झालं म्हणे.” मी म्हटलं, “झालं, पण ते मला परवडलं नव्हतं.” त्यांनी इपॉक्सी फक्त एकाच, आईच्या वापरातल्या बाथरूमचा काढायला सांगितला. दुसऱ्याचा राहू दे म्हणाले, दर ५,५०० ठरला, आणि कोणत्या बाथरूमला हात लावणार नाही ते मी त्याच वेळी मेसेजवर लिहून पाठवलं. मंगळवारी सकाळी नऊला शिरलो, संध्याकाळी सहाला किल्ली परत दिली.